दोन वजनकाटे, एक फळी आणि त्याच त्या चुका

फळीवर आडवं झोपलेल्या माणसाचं वस्तुमान केंद्र काढायचं गणित एका ओळीचं आहे. डोक्याकडच्या काट्यावर माणसाचं जेवढं वजन येतं, त्याला त्याच्या एकूण वजनाने भागायचं आणि टेकूंमधल्या अंतराने गुणायचं. उत्तर पायाकडच्या टेकूपासून मिळतं. गणित सोपं, म्हणून मांडणीकडे कुणी बघतच नाही.

सगळ्यात मोठा घोळ टेकूंचा. बारावीच्या एका गटाने फळी थेट काट्यांवर ठेवली होती. मुलगी ६० किलोची, उंची १६५ सेंमी. फळीचं वजन वजा केल्यावर डोक्याकडे २७.६ किलो, पायाकडे ३२.४. उत्तर काढलं ११० सेंमी, म्हणजे थेट छातीत! वहीत सुबक अक्षरात लिहिलंही. कारण एवढंच की त्यांनी फळीची लांबी घेतली होती, २४० सेंमी. काटे दोन्ही बाजूंनी २० सेंमी आत होते, म्हणजे अंतर २००. मग उत्तर येतं ९२, बेंबीच्या थोडं खाली, जिथे ते असायला हवं.

पण हे २०० तरी कुठून कुठवर मोजायचं? फळी काट्याच्या अख्ख्या पाट्यावर टेकली, तर भार नेमका कुठे पडतोय हे कळत नाही, आणि माणूस झोपला की फळी वाकून टेकायची जागाही सरकते. मी प्रत्येक काट्याच्या मधोमध लोखंडी अँगल उलटा ठेवतो, धार वर. धारेपासून धारेपर्यंत टेप धरला की वाद मिटला. तळवेही पायाकडच्या धारेच्या बरोबर वर हवेत. ते फळीच्या टोकाला टेकवले, तर तेवढं अंतर उत्तरात मिळवावं लागतं आणि ते हमखास विसरतं.

रिकाम्या फळीचं वजन दोन्ही काट्यांवर आधी लिहून ठेवा. “निम्मं-निम्मं धरू” हा शॉर्टकट मला चालत नाही. फळीला गाठी असतात, एक बाजू जड निघते. बाथरूमचे काही काटे चालू होताना आपोआप शून्य धरतात, त्यामुळे फळी ठेवल्यावर काटा बंद-चालू करू नका. काही आकडा गोठवून ठेवतात. माणूस हलला तरी तोच दाखवतात.

झोपलेल्याने मान उचलून आकडा वाचू नये. वाचायला दुसरा माणूस ठेवा. हात अंगालगत, डोक्यावर ताणले तर केंद्र पाच-सहा सेंमी डोक्याकडे सरकतं.

वजा केल्यावरच्या दोन आकड्यांची बेरीज माणसाच्या उभ्याने घेतलेल्या वजनाशी जुळते का बघा. जुळली तरी काटे अदलाबदल करून पुन्हा मोजा. उत्तर सेंटिमीटरभराहून जास्त बदललं, तर एक काटा खोटं बोलतोय.