गच्चीवर नदी वळवून पाहा: नागमोडी वळण, नालाकृती सरोवर आणि नदीचे सोपान

चहाच्या कपात पत्ती तशीच ठेवून चमचा गोल फिरवा. जड पत्ती कडेला फेकली जाईल असं वाटतं, पण ती तळाशी मधोमध गोळा होते. नदी वळणं का घेते हे सांगताना आइन्स्टाइननं 1926 साली हाच दाखला दिला होता. वळणावर पाणी बाहेरच्या काठावर चढतं, तिथून खाली दबतं आणि तळालगत आतल्या काठाकडे परततं. त्यामुळे बाहेरचा काठ खरवडला जातो, तर आतल्या काठाला वाळू साचत जाते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर चालतं.

दोन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद प्लायवूडला चारही बाजूंनी पट्ट्या ठोकून जाड प्लास्टिक अंथरा. त्यात दहा सेंटिमीटर बारीक वाळू भरा आणि वरचं टोक चार सेंटिमीटर उचला. खालच्या पट्टीत एक खाच ठेवा, पाणी तिथूनच बाहेर पडलं पाहिजे. बोटानं चार सेंटिमीटर रुंदीचा चर ओढा, मात्र पाणी आत येतं तिथे तो थोडा तिरपा ठेवा.

आता लगेच नळ सोडू नका. आमचा पहिला प्रयोग इथेच फसला. कोऱ्या वाळूत काठ धरून राहत नाहीत, पाणी पसरतं आणि वेणीसारख्या दहा धारा होतात. वळण टिकायला काठाला पकड लागते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये वाळूच्या मोठ्या पात्रात ती पकड मिळवली अल्फाल्फाच्या रोपांनी, म्हणजे आपल्या गोठ्यातल्या लसूणघासानं. निफाड, सिन्नरकडच्या शेतकऱ्याकडून मूठभर बी आणा, चराच्या दोन्ही बाजूंना पेरा आणि मुळं धरेपर्यंत आठ-दहा दिवस फक्त ओलावा ठेवा.

मग पेन्सिलीएवढी धार सोडा. साधारणपणे नदीचं एक पूर्ण वळण तिच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट लांब असतं, म्हणून चार सेंटिमीटरच्या चरात ते चाळीस-पन्नास सेंटिमीटरांचं येईल. घाई करू नका. बाहेरचा काठ खालून पोखरला जाऊन ढासळतो आणि आतल्या बाजूला वाळूची मळई वाढते. दर तासाला मोबाइलनं वरून फोटो काढा, नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही.

वळण फुगत गेलं की त्याची मान अरुंद होते. समजा, वळसा साठ सेंटिमीटरांचा आहे आणि मान सहाची. उतार मीटरला दोन सेंटिमीटर धरला, तर वळशाभर पाणी 1.2 सेंटिमीटर उतरतं. मान तुटली की तेवढंच उतरणं सहा सेंटिमीटरांत होतं, म्हणजे उतार दसपट. म्हणून पुरात पाणी सरळ वाट धरतं. पाच मिनिटं धार दुप्पट करा, तरीही मान तुटली नाही तर सुरीनं फोडा (आम्हीही फोडली). आता पाण्यात मूठभर काळी माती कालवा. सोडलेल्या वळशाच्या दोन्ही तोंडांशी पाणी मंदावतं, तिथे गाळ बसतो, तोंडं बुजतात. मध्ये उरलेलं घोड्याच्या नालासारखं पाणी म्हणजे नालाकृती सरोवर.

सोपान करायला खाच तीन सेंटिमीटर खाली कापा. तिथे छोटा धबधबा होतो, तो मागे मागे सरकतो आणि धार स्वतःच्या जुन्या तळात रुतत जाते. जुना तळ काठावर पायरीसारखा कोरडा उरतो. तीच पायरी सोपान. खाच पुन्हा कापलीत तर दुसरी मिळेल. खऱ्या नदीत हे जमीन उचलली गेल्यानं किंवा पाणी-गाळाचं प्रमाण बदलल्यानं घडतं.

आता गोदावरी पाहा. नाशिकच्या गंगापूरजवळ दरडीत खाली चुन्यानं घट्ट झालेले गोटे आणि त्यावर पिवळसर मातीचा जाड थर दिसतो. नदीनं आधी हे रचलं, मग ती त्यातच खाली उतरली. याच गोट्यांत पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांना अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली. उंच सपाट जागा दिसली की लगेच सोपान म्हणू नका, तिच्या पोटात गोल गोटे आहेत का ते तपासा. भरावात ते असे थरांत बसलेले मिळत नाहीत. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तेव्हा काठावर जाऊ नका.

नालाकृती सरोवर मात्र नाशिक शहरात शोधू नका. इथे नदी काळ्या पाषाणात अडकली आहे, वळण सरकायला मऊ गाळ हवा. आणि निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वरचं पाणीही नालाकृती सरोवर नाही, ते बंधाऱ्यानं अडवलेलं आहे. सोडून दिलेलं वळण उपग्रह नकाशावर ओळखायचं, तर त्याची रुंदी शेजारच्या नदीएवढीच आणि सगळीकडे जवळपास सारखी भरते.