मायक्रोचा मिली झाला तेव्हा

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातल्या पोरांसाठी मी 7805 या व्होल्टेज रेग्युलेटरची डेटाशीट मराठीत करत होतो. चाचणीच्या अटींत इनपुट कपॅसिटर `0.33 mF` पडला. दुकानातले काका हसले, "अहो, हजारपट मोठा?" आकडा बरोबर, एककच बदललेलं, µF चं mF!

काही जुन्या पीडीएफमध्ये मायक्रोचं चिन्ह µ म्हणजे Symbol फॉन्टमधला m असतो. कॉपी करताना फॉन्ट गळतो, m उरतो. तसाच Ω चा W होतो. भाषांतरातले आकडे-एककं मुळाशी जुळतात का पाहणारी माझी आपोआप तुलना मात्र पास झाली होती, कारण मूळ म्हणून घेतलेला मजकूरही कॉपी केलेलाच होता.

मग मूळ तक्ते छापले, पट्टी ठेवून एकेक ओळ ताडली. सरसकट m बदलला नाही. `mA` खरोखरच मिली होते.