‘क्षमता 2000’ लिहिण्याआधी खुर्च्या मोजा: मंगल कार्यालयाच्या जाहिरातीतल्या या चुका टाळा

आपल्याकडे लग्नाला दोन हजार पत्रिका वाटल्या जातात, म्हणून कार्यालयवालाही ऑनलाइन जाहिरातीत डोळे झाकून ‘क्षमता 2000’ टाकतो. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभरात येऊन जाणारे पाहुणे असतात. वाचणारा मुलीचा बाप मात्र एवढे लोक अक्षतांच्या वेळी एकदम बसतील असं धरतो. भांडण इथेच ठरतं.

समजा, तुमचा हॉल 60 बाय 100 फुटांचा आहे, म्हणजे 6000 चौरस फूट. स्टेज, त्यापुढची जागा आणि मधला रस्ता यांचे साधारण 1200 वजा करा. उरलेल्या 4800 मध्ये माणशी 8 चौरस फूट धरले, तर 600 खुर्च्या बसतात. जेवणाचा हॉल 40 बाय 60 असेल आणि टेबल-खुर्चीची पंगत, वाढप्यांची ये-जा धरून माणशी 12 चौरस फूट लागत असतील, तर एका पंगतीला 200 पानं. एक पंगत बसून, जेवून उठून, टेबलं पुसून दुसरी बसेपर्यंत पाऊण तास जातोच. तीन तासांत चार पंगती, म्हणजे 800 जेवणं. हे तीन आकडे वेगवेगळे लिहा. बुफेचा हिशेब निराळा, तो पंगतीच्या आकड्यात मिसळू नका.

‘भव्य पार्किंग’ या शब्दांतून काहीच कळत नाही. वळायला जागा धरली तर एका कारला 275 चौरस फुटांच्या आसपास लागतात, म्हणून 10 गुंठे मोकळ्या जागेत 40 गाड्या नीट लागतात. वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स आत वळते का, तेही सांगा. समोरचा रस्ता आणि शेजाऱ्याचं रिकामं रान मोजू नका. शेजारी पेरणी करतो.

सगळ्यात जास्त लपवालपवी स्वयंपाकाच्या नियमांत होते. ‘केटरिंग उपलब्ध’ लिहायचं आणि बाहेरचा आचारी चालत नाही हे बुकिंगनंतर सांगायचं, हा प्रकार सर्रास चालतो. बाहेरचा केटरर चालत असेल, पण त्याच्याकडून रॉयल्टी घेत असाल, तर रक्कम लिहा. भांडी, गॅस आणि उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर कोणाकडे, हेही. वैशाखात टँकरचं बिल ऐनवेळी हातात पडलं की यजमान चिडणारच.

आता वरच्याच हॉलची जाहिरात अशी होईल:

शीर्षक: मंगल कार्यालय, औसा रोड, लातूर – 600 खुर्च्या, 40 कार, स्वतःचा आचारी चालेल

वर्णन: हॉलमध्ये एका वेळी 600 जण बसतात. जेवणाच्या हॉलमध्ये एका पंगतीला 200, तीन तासांत चार पंगतींत 800 जेवणं. आवारात 40 कार लागतात; बस आत वळत नाही, गेटवर माणसं उतरवावी लागतात. फक्त शाकाहारी स्वयंपाक. आचारी तुमचा चालेल, रॉयल्टी नाही. भांडी भाड्यात धरलेली आहेत, गॅस तुमचा. मार्च ते जूनमध्ये टँकरचा खर्च वेगळा, दर बुकिंगच्या पावतीवर लिहून मिळेल.

बस वळत नाही हे वाचून एखादं गिऱ्हाईक जाईल. ते लग्नाच्या दिवशी गेटवर वाद घालण्याऐवजी आजच गेलेलं परवडतं.