पायावर वळवळत जाणारी लाल रेघ? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात दादाचा फोन आला, पायाच्या कडेला नायटा झालाय म्हणे, क्रीम लावतोय पण उलट वाढतोय. मी स्किनच्या ओपीडीत असते म्हणून घरचे सगळे असले फोटो मलाच पाठवतात. बघितलं तर गोल चट्टा वगैरे काही नाही, तीनेक मिलिमीटर रुंद, उंचवटा आलेली, नागमोडी लाल रेघ, कोणीतरी पेनाने गिरगटल्यासारखी. पहिला प्रश्न विचारला, अनवाणी कुठे फिरलास? तर घराचं काम चालू होतं, अंगणात वाळूचा ढीग, वर ताडपत्री, आणि हा चप्पल काढून त्यात उभा राहून घमेली भरून देत होता. गल्लीतल्या मांजरांचा संडासही तोच ढीग!

कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात हुकवर्म नावाचे जंत असतात, त्यांची अंडी विष्ठेतून पडतात, आणि ओलसर, उबदार, सावलीतली वाळू मिळाली की एकदोन दिवसांत फुटतात. पुढच्या आठवडाभरात अळी कातडीत शिरायला तयार होते, आणि ती कातडीत जिथून फिरते ती वाट म्हणजेच ही लाल रेघ. ताडपत्रीखाली ऊन लागत नाही आणि ओल टिकते, म्हणजे अळीची सोयच. समुद्रकिनाऱ्यावरही भरतीचं पाणी पोचतं त्या वाळूपेक्षा वरची, झाडाखालची वाळू जास्त धोक्याची, आणि आपण टॉवेल टाकून बसतो नेमके तिथेच.

पहिली चूक म्हणजे नायटा समजून मेडिकलमधून मिक्स क्रीम आणणं. दादाने तेच केलं होतं. त्यात स्टिरॉइड असतं म्हणून लाली आणि खाज दोन दिवस कमी वाटते, पण अळीला काहीच होत नाही, ती आपली चालतच राहते. ओळखायची सोपी युक्ती सांगते, संध्याकाळी रेघेच्या टोकाशी बॉलपेनने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. दादाची रेघ खुणेच्या एक सेंटिमीटर पुढे गेलेली. नायटा असा एका टोकाने चालत नाही, तो गोलाकार पसरतो आणि कडेला खपल्या असतात. खरजेची बिळं छोटी असतात, बहुतेक बोटांच्या बेचक्यात, आणि घरात आणखी कोणीतरी खाजवत असतं. पण रेघ तासाभरातच काही सेंटिमीटर सरकत असेल तर तो वेगळा जंत, तो माणसाच्या पोटात राहू शकतो, तेव्हा लगेच डॉक्टर गाठा.

दुसरी चूक, टोकाशी सुई टोचणं, चुना लावणं, बर्फाने किंवा उदबत्तीने चटका देणं. हे लोक खरंच करतात हो. दिसणारी रेघ म्हणजे अळी नाही, ती जिथून गेली तिथे शरीराने दिलेली सूज आहे, आणि सूज यायला वेळ लागतो, तोपर्यंत अळी टोकाच्या एकदोन सेंटिमीटर पुढे गेलेली असते, तेही नक्की कुठल्या दिशेला ते दिसत नाही. म्हणून टोकावरची कातडी जाळली तरी ती सापडत नाही, जखम मात्र होते आणि पिकते.

तिसरी चूक घाबरण्याची. दादाचा खरा प्रश्न हाच होता, "पोटात जाऊन पिल्लं घालेल का?" नाही. कुत्र्या-मांजराच्या अंगात ही अळी कातडी पार करून रक्तात, तिथून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात आणि गिळली गेली की आतड्यात पोचते, मोठी होते, अंडी घालते. माणसाच्या कातडीत वरच्या थराखाली एक पातळ पण चिवट पडदा असतो, तो फोडायला लागणारं पुरेसं एन्झाइम हिच्याकडे नसतं. म्हणून ती वरच्या थरातच अडकते, खाली वाट शोधत आडवीतिडवी भटकते, म्हणून तर रेघ नागमोडी! आतडं गाठल्याशिवाय ती वयात येत नाही, त्यामुळे अंडी नाहीत, शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही आणि घरच्यांना लागणही होत नाही. काही आठवड्यांत, कधी दोनेक महिन्यांत, मरून जाते. प्राण्यांच्या हुकवर्मची एक जात, सिलॅनिकम, माणसाच्या आतड्यातही वाढू शकते, पण अशी लांब रेघ काढणारी सहसा ब्राझिलिएन्स नावाची दुसरी जात, ती आतड्यात वाढत नाही.

मग आपोआप जाणारच तर औषध कशाला? कारण रात्री झोप लागत नाही इतकी खाज येते आणि खाजवून पू होतो. दादाचं वजन 60 किलो, डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिन 12 मिलीग्रॅमचा एकच डोस दिला. दुसरा पर्याय अल्बेंडाझोल 400 मिलीग्रॅम, रोज एक, 3 दिवस. गरोदर बाई किंवा 15 किलोखालचं मूल असेल तर स्वतःहून कुठलीच गोळी देऊ नका. दोनतीन दिवसांत खाज उतरली, रेघ मात्र दोन आठवडे दिसत होती, त्यावरून औषध फेल गेलं असं दादा मला रोज ऐकवायचा. मी म्हटलं, पेनाची खूण बघ, पुढे सरकलीय का? नव्हती सरकली. सरकली असती तर डॉक्टरांना पुन्हा दाखवून दुसरा डोस घ्यावा लागला असता.

वाळूचं विचाराल तर उरलेली प्लास्टरला लागली, आणि दादा तोवर गमबूट घालून फिरत होता.