भाड्याच्या खोलीत ढेकूण झालेत? औषध मारण्याआधी या चुका टाळा

घणसोली-कोपरखैरणे भागात मी पेस्ट कंट्रोलची कामं करतो. ढेकणांसाठी येणाऱ्या दहा फोनपैकी निम्म्यांत तरी एकच वाक्य असतं: "तीनदा स्प्रे मारला, तरी चावतात." मी विचारतो, कुठे मारला? "गादीवर." दिवाण उलटा करून बघितला का? यावर समोरून काहीच उत्तर येत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. न शोधता औषध मारायचं. ढेकूण रक्त प्यायला गादीवर येतो, पण तिथे राहीलच असं नाही. पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी टेकेल अशी अरुंद फट त्याला लागते. एटीएम कार्डाची कड जिथे शिरते तिथे ढेकूण शिरतो, हे माझं माप. बाजारातला साधा स्प्रे गादीवर फवारला की वरचे चार मरतात आणि उरलेले त्या वासाने लांब पळतात. मग जे काम एका दिवाणापुरतं होतं ते सगळ्या खोलीभर होऊन बसतं.

घणसोलीतल्या एका खोलीचं सांगतो. दुसरा मजला, जेमतेम दहा बाय अकरा, दोन मुलं. एकाला प्लायवुडचा दिवाण, दुसऱ्याला पाइपची लोखंडी खाट. महिनाभरात त्यांनी झुरळांच्या स्प्रेचे तीन डबे संपवले होते. मोठा म्हणाला, "दादा, गादी तर कालच गच्चीवर उन्हात टाकली होती." धाकटा म्हणाला, "मला चावतच नाहीत, याच्याच अंगावर गांध्या उठतात." हाही एक गैरसमज. चावे दोघांनाही बसत होते. काहींच्या अंगावर खूणच उठत नाही, म्हणून गांध्यांवरून ढेकणांचं घर शोधता येत नाही.

मी आधी औषधाची पिशवी दाराबाहेर ठेवली. हातात टॉर्च, जुनं कार्ड, ओला कापूस आणि स्क्रू ड्रायव्हर. गादीच्या शिवणीत दोन काती सापडल्या, बस. दिवाण भिंतीपासून ओढून आडवा केला, तेव्हा मागच्या पट्टीवर पेनाच्या शाईचे थेंब पडावेत तसे काळे डाग होते. त्यावर ओला कापूस फिरवला की तांबूस-काळपट ओघळ उतरतो. ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर असा ओघळ येत नाही. डाग जिथे दाट, तिथून वीतभर अंतरात घर असतं. इथे ते स्क्रूच्या भोकांत आणि प्लायच्या उघड्या कडेत होतं. साखरेच्या दाण्याएवढी पांढरी अंडी चिकटलेली होती, कार्डाने खरवडल्याशिवाय निघत नव्हती.

लोखंडी खाट मात्र दोघांनी तपासलीच नव्हती, कारण "लोखंडात कुठे होतात?" तिच्या दोन पायांची प्लॅस्टिकची टोपणं पडली होती. पाय उलटा करून कागदावर आपटला, तर आतून पंधरा-वीस ढेकूण पडले. आणि स्प्रेने पळालेले? ते दाराच्या चौकटीमागे आणि पलंगाजवळच्या स्विचबोर्डच्या कडेला बसले होते. स्विचबोर्ड उघडायचा तर मेन स्विच बंद करूनच, आणि आत पाणी किंवा फवारणी अजिबात नाही. तिथे फक्त ब्रश आणि कोरडी पावडर.

माझा शोधायचा क्रम ठरलेला आहे. झोपतो ती जागा मध्ये धरून बाहेर सरकायचं: गादीची शिवण आणि लेबल, मग दिवाणाचे सांधे, मग उशाची भिंत, मग हाताच्या अंतरावरचं कॅलेंडर, पडद्याची दांडी, बॅगेची चेन. खूण सापडली की तिथे खडूने गोल करायचा. मी हे दिवसा करतो, घाई असली तरी तासभर देतो. दहा मिनिटांत शोध आटोपणाऱ्याला तोच तास पुढे चारदा द्यावा लागतो.

त्या खोलीत मग काम असं केलं. कपडे आणि चादरी खोलीतच पिशव्यांत भरून गाठ मारली. पिशवी उघडी ठेवून जिन्यातून नेली की शेजाऱ्यालाही ढेकूण मिळतात. कपडे साठ अंशाच्या गरम पाण्यात धुतले. दिवाणाचे स्क्रू काढून फळ्या सुट्ट्या केल्या. लोखंडी खाटेवर आणि पाइपच्या तोंडात उकळतं पाणी ओतलं, बाहेरच्या बाथरूममध्ये नेऊन. प्लायवर पाणी ओतलं तर प्लाय फुगतो, म्हणून तिथे कपड्यांचा वाफेचा इस्त्री-स्टीमर, त्याच्या तोंडावर फडकं बांधून, फुटाला दहा-बारा सेकंद इतका हळू. जोरात वाफ मारली तर ढेकूण उडून भलतीकडे पडतो. वाफेने अंडीही मरतात, हे औषधाला सहसा जमत नाही. त्यानंतरच फटींत टिकणारं औषध मारलं, तेही गादीच्या वरच्या बाजूवर नाही. वाळल्यावर स्क्रूची भोकं आणि चौकटीची फट पुट्टीने बुजवली.

दुसरी मोठी चूक: एकदा फवारून विषय संपला असं समजणं. आपल्याकडच्या उकाड्यात अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, आणि बरीच औषधं अंड्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून चार दिवस शांतता, आणि आठवड्याने पुन्हा चावा. लोक म्हणतात औषध नकली होतं. कधी असेलही, आणि बऱ्याच ढेकणांवर नेहमीची औषधं आता हवी तशी चालत नाहीत हेही खरं. पण बहुतेकदा ती नुकती निघालेली फिकट पिल्लं असतात. पिल्लू मोठं होऊन अंडी घालायच्या आत दुसरी फेरी हवी. मी ती बाराव्या दिवशी करतो आणि त्यासाठी पैसे आधीच धरतो, कारण नंतर कोणी बोलावत नाही. तोवर खोली पुसताना कोपरे आणि पलंगाखालची कड सोडा, नाहीतर मारलेलं औषधही पुसलं जातं.

आता थोडक्यात. उन्हात टाकलेली गादी वरून तापते, आतली सावलीची बाजू थंडच राहते. डांबराच्या गोळ्यांनी ढेकूण मरत नाहीत. रॉकेल ओतू नका, आग लागेल. खोली सोडून हॉलमध्ये झोपू नका, ढेकूण मागोमाग येतात.

आणि धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या खोलीत ठेवणाऱ्यांना मी ओरडतो. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. अशी मरणं आपल्याकडे झाली आहेत. कोणी "एका रात्रीत काम" म्हणत गोळी काढली तर त्याला दारातूनच परत पाठवा.

घणसोलीच्या मुलांचा पलंग मी भिंतीपासून वीतभर लांब ठेवायला लावला. चादर जमिनीला टेकू द्यायची नाही. चारही पायांखाली साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याच्या वाट्या. पहिल्या आठवड्यात वाट्यांत सात ढेकूण पडले, दुसऱ्या फेरीनंतर दोन पिल्लं. वाट्या रोज बघा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा, एवढंच सांगितलं होतं. सहा आठवडे शून्य लिहिलेलं पाहून मोठ्याने फोन केला. घरमालकीण बाई शेजारची रिकामी खोलीही दाखवायला तयार होत्या, कारण भिंत एकच होती. तिथल्या पलंगाच्या बिजागरीत मला डाग सापडले.