गर्भपातानंतरचा रक्तस्राव : दिवस मोजताना होणाऱ्या चुका

पहिल्या बारा आठवड्यांत आपोआप गर्भपात झाला, की घरात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘अजून किती दिवस अंगावरून जाणार?’ प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु केवळ दिवसांच्या संख्येवरून गर्भाशय रिकामे झाले की नाही, हे ठरवता येत नाही. एखाद्या स्त्रीला चौदा दिवस थोडेथोडे जात राहते आणि तरीही आत काहीच उरलेले नसते. दुसरीचा रक्तस्राव पाचव्या दिवशी जवळजवळ थांबतो आणि दहाव्या दिवशी गाठींसह पुन्हा सुरू होतो. काळजी दुसरीची करायला हवी. पाहायचे असते ते रक्तस्राव उतरणीला लागला आहे की नाही, आणि एकदा उतरल्यावर तो पुन्हा चढला का.

येथे लिहिलेले सर्व काही, गर्भ गर्भाशयातच असल्याचे सोनोग्राफीत आधी दिसले होते, असे धरून लिहिले आहे. तसे दिसले नसेल आणि पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाशी कळ किंवा घेरी येत असेल, तर गर्भ नलिकेत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पॅड मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

पहिली चूक : सुरुवातीच्या काही तासांना घाबरणे, किंवा त्यांना मर्यादाच नाही असे समजणे

गर्भपात आपोआप पुढे सरकत असो किंवा डॉक्टरांनी दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी, गर्भ आणि त्याभोवतीचे आवरण बाहेर पडतानाचे तीन ते पाच तास सर्वांत जड असतात. पाळीपेक्षा बरेच जास्त जाते, ओटीपोटात लाटांसारख्या कळा येतात, त्या कंबरेत आणि मांड्यांत उतरतात, आणि लिंबाएवढ्या गाठीही पडू शकतात. या कळा म्हणजे गर्भाशयाचे आकुंचन असते. याच आकुंचनाने आतला भाग बाहेर ढकलला जातो आणि उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन बंद होतात. म्हणून कळा थांबवण्याची नव्हे, त्या सुसह्य करण्याची गरज असते. पित्ताशी किंवा मूत्रपिंडाशी संबंधित तक्रार, दमा किंवा औषधाची ॲलर्जी नसेल, तर जेवणानंतर घेतलेली आयब्युप्रोफेनची गोळी येथे चांगली उपयोगी पडते आणि तिच्यामुळे मिसोप्रोस्टॉलचा परिणाम कमी होत नाही. ॲस्पिरिन मात्र वेदनेसाठी घेऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

मर्यादा अशी, की मोठ्या आकाराचे दोन पॅड एका तासात पूर्ण भिजले आणि पुढच्या तासातही तसेच झाले, तर सकाळची वाट न पाहता निघावे. पॅड ‘बदलला’ आणि पॅड ‘भिजला’ यांत मोठा फरक आहे. अस्वस्थ वाटले म्हणून अर्धवट भरलेला पॅड बदलला, तर तो या मोजणीत धरू नये. उलट उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत धडधडत असेल, हातपाय गार पडत असतील, तर पॅडचा आकडा कमी असला तरी निघावे.

एक गोष्ट अनेकींना विनाकारण घाबरवते. रात्रभर आडवे असताना योनीत साचलेले रक्त सकाळी उठल्यावर एकदम बाहेर येते आणि सोबत एखादी गाठ पडते. नंतरच्या तासाभरात स्राव पुन्हा पूर्वीइतका होत असेल, तर तो नवा रक्तस्राव नव्हे.

दुसरी चूक : मोठी गाठ पडली म्हणजे सर्व काही पडले, असे मानणे

रक्ताची गाठ गडद लाल, जेलीसारखी असते आणि बोटांत धरताच मोडते. गर्भाभोवतीचा भाग फिकट करडा किंवा पांढुरका असतो, सहज तुटत नाही, आणि स्वच्छ पाण्यात सोडला तर त्याचे बारीक, पिसासारखे तंतू मोकळे होऊन तरंगतात. हे पाहणे प्रत्येकीला झेपेल असे नाही आणि पाहिलेच पाहिजे असेही नाही. दिसलेच, तर स्वच्छ डबीत ठेवून डॉक्टरांकडे नेता येते. तो भाग दिसला तरी त्याचा एखादा तुकडा आत उरलेला असू शकतो, आणि गाठींमध्ये मिसळून गेल्याने तो अजिबात न दिसताही गर्भाशय पूर्ण रिकामे झालेले असू शकते.

उरलेला तुकडा त्रास का देतो, हे समजले की लक्षणे आपोआप लक्षात राहतात. तो आत असेपर्यंत गर्भाशय नीट आवळले जात नाही, त्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि गर्भाशय तो बाहेर काढण्यासाठी कळा देत राहते. म्हणून रक्त आणि कळा जोडीने परततात.

एक उदाहरण पाहू. नऊ आठवड्यांची गर्भधारणा, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके नाहीत, म्हणून गोळ्या दिल्या. पहिल्या दिवशी चार तासांत पाच पॅड भिजले, गाठी पडल्या, संध्याकाळपर्यंत उतार. तिसऱ्या दिवशी पाळीइतके, सातव्या दिवशी फक्त तपकिरी डाग. येथवर सर्व अपेक्षेप्रमाणे. दहाव्या दिवशी दुपारी ओटीपोटात पुन्हा पिळवटणाऱ्या कळा, ताजे लाल रक्त, दर दोन तासांना एक पॅड, सोबत सुपारीएवढ्या गाठी, ताप नाही. हे प्रमाण तातडीच्या मर्यादेपेक्षा बरेच कमी आहे, तरीही उतरलेला आलेख पुन्हा चढला आहे, म्हणून त्याच दिवशी तपासणी हवी. तपासणीत गर्भाशयमुख किंचित उघडे आणि गर्भाशय मऊ, अजून मोठे; सोनोग्राफीत आत रक्तपुरवठा असलेला तुकडा. अशा वेळी गोळ्यांचा आणखी एक डोस किंवा सक्शनने गर्भाशय रिकामे करणे, असे दोन पर्याय डॉक्टर समोर ठेवतात.

तिसरी चूक : केवळ सोनोग्राफीच्या अहवालावरून घाईने पिशवी साफ करून घेणे

येथे अहवालापेक्षा लक्षणांना जास्त वजन आहे. गोळ्यांनंतर गर्भाशयाचे अस्तर जाड दिसणे आणि आत थोडे रक्त साचलेले दिसणे नेहमीचे आहे. रक्तस्राव कमी होत असेल, कळा थांबल्या असतील आणि ताप नसेल, तर निव्वळ त्या जाडीसाठी शस्त्रक्रिया लागत नाही. पुढच्या पाळीपर्यंत बहुधा ते आपोआप निघून जाते.

चौथी चूक : तापाचे कारण वेळेवरून न ओळखणे

मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर काही तासांत थंडी वाजून ताप येतो, तो औषधाचा परिणाम असतो आणि २४ तासांत उतरतो. त्यानंतरही ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असेल, स्रावाला कुजकट दुर्गंधी येत असेल, किंवा दाबल्यावर ओटीपोट दुखत असेल, तर आत उरलेल्या भागात जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते, आणि मग रक्त कितीही कमी जात असले तरी त्याच दिवशी उपचार सुरू व्हावे लागतात. जुन्या पाळीच्या रक्ताला येतो तसा वास म्हणजे दुर्गंधी नव्हे. रक्तस्राव थांबेपर्यंत टॅम्पॉन, कप आणि शरीरसंबंध टाळावेत.

पाचवी चूक : आठवड्याभरातच लघवीची चाचणी करणे

गर्भधारणेचे संप्रेरक शरीरातून हळूहळू उतरते, त्यामुळे आठव्या दिवशीच्या दोन रेषांवरून काहीच सिद्ध होत नाही. चाचणी तीन आठवड्यांनी करावी. तेव्हाही ती पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांना कळवावे, कारण तुकडा उरलेला असणे हे तिचे एक कारण असू शकते, आणि क्वचित द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाभोवतीच्या भागाची द्राक्षांच्या घोसासारखी असामान्य वाढ, हेही असते. वर सांगितलेल्या उदाहरणात काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी पाठवतात, तो याच शंकेचे निरसन व्हावे म्हणून.