शेवटची मेट्रो चुकते कशी? या चुका टाळा

फलकावर ‘शेवटची गाडी ११:१०’ असं वाचलं की लोक निर्धास्त होतात. ती वेळ त्या स्टेशनची, त्या दिशेची आणि त्या एकाच मार्गिकेची असते. वाटेत मार्गिका बदलायची असेल, तर तेवढ्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

माझ्या भाच्याने कार्यक्रम संपल्यावर रमतगमत येऊन ११:१० ची गाडी पकडली. १८ मिनिटांनी, ११:२८ ला तो बदलाच्या स्टेशनवर उतरला. त्याच्या घराकडे जाणारी शेवटची गाडी तिथून ११:२४ ला सुटून गेली होती. पुढचा प्रवास टॅक्सीने, तीही थांबून मिळालेली.

हिशोब घराकडून उलटा करायचा. दुसरी गाडी ११:२४ ला. एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला ६ मिनिटं, म्हणजे ११:१८ पर्यंत उतरायला हवं. त्यातून १८ मिनिटं वजा केली की ११:००. त्या वेळी गाड्या १२ मिनिटांनी होत्या: १०:४६, १०:५८, ११:१०. म्हणजे त्याची खरी शेवटची गाडी १०:५८ ची. मी तीही धरत नाही, १०:४६ ची धरते. १०:५८ ची गाडी तीन-चार मिनिटं रखडली तरी सगळं गणित कोसळतं. तपासणी आणि तिकिटाची रांग धरून १०:३५ ला मी स्टेशनात असते. कार्यक्रमाचा शेवट बुडतो, बुडू दे.

दुसरी चूक वारंवारितेची. संध्याकाळी चार मिनिटांनी गाडी मिळाली म्हणून रात्रीही तशीच मिळेल असं धरतात. गर्दी ओसरली की गाड्या कमी होतात, अंतर १०-१५ मिनिटांवर जातं. मार्गिकेला पुढे दोन फाटे असतील आणि गाड्या आळीपाळीने जात असतील, तर तुमच्या फाट्यासाठी हेच अंतर दुप्पट होतं. त्यामुळे फक्त ‘गाडी कधी’ पाहू नका, ती कुठपर्यंत जाते तेही वाचा. रात्री उशिराच्या काही गाड्या मधल्याच स्टेशनपर्यंत धावतात आणि तिथून डेपोत जातात.

वेळापत्रकातली शेवटच्या गाडीची वेळ टोकाच्या स्टेशनची आहे की तुमच्या, हे बघा. रविवार आणि सुट्टीचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. शेवटची चुकली तर पहिल्या गाडीपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांनी तेही पाहावं, कारण रविवारी पहिली गाडी अनेकदा उशिरा सुटते.

मध्यरात्रीनंतरच्या गाडीबाबत तारखेचा घोळ होतो. शनिवारी रात्री १२:१० ची गाडी कॅलेंडरवर रविवारची, पण ती शनिवारच्याच वेळापत्रकाचा भाग असते. छापील तक्त्यात ती शनिवारच्या रकान्यात शोधा.